पाहुण्यांना नमस्कार करायला लहान मुलांना कसे शिकवावे: घर आणि शाळा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईवडील आणि आजीआजोबा बालवर्गाच्या पालकसभेत, शाळा सुटताना फाटकाजवळ आणि चिठ्ठ्या पाठवून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गुंतलेला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कोणत्या वयापासून शिकवायला सुरुवात करावी आणि कोणत्या वयात किती अपेक्षा धरावी?

सुरुवात आपण नकळत फार लवकर केलेली असते. नऊ-दहा महिन्यांच्या बाळाचे हात धरून आपण 'बाप्पाला जय जय कर' म्हणतो, निघालेल्या माणसाकडे बघून 'टाटा कर' म्हणतो, आणि वर्षाच्या आसपास बाळ ते स्वतःहून करू लागते. मात्र हे अनुकरण असते. समोरच्याची दखल घ्यायची असते ही समज पुढे हळूहळू येते.

तिसऱ्या वर्षी मूल आईच्या किंवा बाबांच्या बरोबरीने हात जोडू शकले तरी ते पुरेसे आहे. चौथ्या वर्षी पाहुण्याकडे वळून, क्षणभर बघून हात जोडणे जमते, शब्द येतीलच असे नाही. पाचव्या वर्षी 'नमस्कार काका' असे नात्यासह म्हणणे आणि सहाव्या वर्षी न सांगता ते करून वर 'बसा, मी आईला बोलावते' एवढे एक वाक्य बोलणे शक्य होते. या पायऱ्या सर्वसाधारण आहेत. शेजारची मुलगी तिसऱ्या वर्षी सगळे करते म्हणून आपला मुलगा मागे पडला, असा अर्थ यातून काढू नये.

2. 'नमस्कार कर' यात मुलाला नेमके काय काय करायचे असते?

मोठ्यांना ही एकच कृती वाटते, पण मुलाच्या दृष्टीने त्यात पाच कामे असतात. हातातले काम थांबवायचे, आलेल्या माणसाकडे तोंड करायचे, त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, हात जोडायचे आणि शब्द उच्चारायचे. बहुतेक घरांत फक्त शेवटचे शिकवले जाते, आणि म्हणून मूल खेळण्यातल्या गाडीकडे बघत 'नमस्काल' म्हणते आणि गाडी चालवत राहते. त्याने सांगितलेले केलेले असते. बाकीची चार कामे त्याला कुणी सांगितलेलीच नसतात.

शिकवताना ही कामे सुटी करून, स्वतः करून दाखवावीत, आणि दाखवताना बोलू नये, कारण एकाच वेळी ऐकणे आणि बारकाईने बघणे अशी दोन्ही कामे या वयाच्या मुलाला अवघड जातात. मोंटेसरी पद्धतीच्या बालवर्गांत शिष्टाचाराचे पाठ असेच दिले जातात: चूक घडल्यावर सर्वांसमोर नव्हे, तर एरवी, शांत वेळी, चार-पाच मुलांच्या गटात, एखादे छोटे नाट्य करून दाखवावे तसे.

यात मी सहावी गोष्ट आग्रहाने घालते, ती म्हणजे सुटका. नमस्कार झाला की मूल पुन्हा आपल्या खेळाकडे जायला मोकळे आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे. पुष्कळ मुले नमस्काराला टाळाटाळ करतात ती नमस्कारामुळे नव्हे, तर त्यानंतर येणाऱ्या 'नाव काय, कितवीत आहेस, एक कविता म्हणून दाखव' या सरबत्तीमुळे. (कवितेविषयी प्रश्न 8 पाहावा.)

3. सांगितले की लगेच करतो, पण न सांगता कधीच करत नाही. त्याला आठवण कशी राहील?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यात विस्मरणाचा भाग फार थोडा असतो.

अमेरिकेत 1980 मध्ये एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन या दोन संशोधकांनी दोन ते पाच वर्षांच्या 22 मुलांचे एक निरीक्षण प्रसिद्ध केले. एक अनोळखी व्यक्ती खोलीत येई, मुलाला अभिवादन करी, भेटवस्तू देई आणि निरोप घेई. आपण होऊन अभिवादन करणारी, आभार मानणारी किंवा निरोप घेणारी मुले थोडीच निघाली. आईने किंवा वडिलांनी 'म्हण' असे सांगितल्यावर मात्र बहुतेकांनी म्हटले. आपल्या दिवाणखान्यात रोज दिसते ते हेच.

याचे कारण असे, की मुलाच्या मनात नमस्काराची खूण म्हणून 'दारात माणूस दिसणे' हे बसलेले नसते, 'आईने कर म्हणणे' हे बसलेले असते. आपण जितक्या तत्परतेने सांगतो तितकी ही दुसरी खूण पक्की होते. म्हणून आठवण वाढवण्याऐवजी आपले सांगणे टप्प्याटप्प्याने काढून घ्यावे लागते.

त्याची रीत अशी. पहिल्या टप्प्यात सांगायचे ते पाहुणा येण्याआधी, पाच-दहा मिनिटे अगोदर सांगावे: 'आता बेल वाजेल, बाबांचे मित्र येणार आहेत. दार उघडलं की आपण दोघं नमस्कार करू.' दार उघडल्यावर आपण स्वतः नीट, सावकाश नमस्कार करावा आणि गप्प राहावे. मनात पाच आकडे मोजावेत. हे पाच आकडे पालकांना फार लांब वाटतात, पण मुलाला पाहुण्याकडे बघून, ओळखून, हात वर न्यायला तेवढा वेळ लागतोच, आणि आपण दुसऱ्याच आकड्याला 'अरे, कर ना' म्हटले की त्याची संधी गेली. पाचपर्यंत झाले नाही, तर विषय सोडून पाहुण्यांना आत घ्यावे.

दोन-तीन आठवड्यांनी आधी सांगणेही कमी करावे आणि दारात फक्त आपले जोडलेले हात त्याच्या नजरेच्या टप्प्यात धरावेत. त्यानंतर नुसता त्याच्याकडे एक दृष्टिक्षेप टाकावा. शेवटी तोही नको.

या जोडीला घरात दारावरचा खेळ खेळावा. एकाने बाहेर जायचे, बेल वाजवायची, आत असलेल्याने 'नमस्कार' म्हणायचे. आठवड्यातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटांपुरता एवढा पुरे. मुलाला पाहुणाही होऊ द्यावे, कारण आपण बेल वाजवून आत आलो आणि आतल्या माणसाने आपल्याकडे पाहिलेच नाही, तर कसे वाटते, हे त्याला त्या भूमिकेतच कळते. एका घरी आजोबा मुद्दाम वर्तमानपत्रात डोके घालून बसले, तेव्हा पाहुणी झालेली चार वर्षांची नात कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'अहो, मी आले आहे ना!'

4. पाहुणे आले की मुलगा आतल्या खोलीत पळतो किंवा माझ्या मागे लपतो. काय करावे?

लपणाऱ्या मुलाला सुरुवात नमस्कारापासून करायला लावू नये, निरोपापासून करावी. लाजाळू मुलाला परक्या माणसाच्या चेहऱ्याची, आवाजाची आणि घरातल्या हालचालींची सवय व्हायला वेळ लागतो, आणि आपण त्याच्याकडून नमस्कार मागतो तो अगदी पहिल्याच क्षणी, जेव्हा त्याची भीती सर्वांत जास्त असते. निघण्याच्या वेळेपर्यंत तीच भीती पुष्कळ ओसरलेली असते.

माझ्या वर्गातल्या साडेचार वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण सविस्तर सांगते. घरात तिघेच, येणेजाणे कमी. गावातच राहणारी आत्या दर रविवारी येई, तरी तो आतल्या खोलीच्या पडद्यामागे जाऊन उभा राही. पडद्याखाली त्याची पावले तेवढी दिसत. त्याला बाहेर ओढून आणण्याचे प्रयत्न झाले होते आणि त्यानंतर तो बेल वाजताच रडू लागला होता.

आम्ही आधी आत्याशी बोललो. तिने आल्यावर त्याला हाक मारायची नाही, त्याच्याकडे रोखून बघायचे नाही, बसून आईशी बोलत राहायचे, एवढेच ठरले. पहिल्या रविवारी आत्या निघून खाली फाटकापाशी पोहोचल्यावर त्याने गॅलरीतून हात हलवला. दोन रविवार तेवढेच झाले. मग त्याच्याकडे बडीशेपेचा डबा देण्याचे काम आले: चहा झाल्यावर डबा आणून आत्यापुढे ठेवायचा आणि परत जायचे. हातात वस्तू असली की मुलाला कुठे बघावे आणि हातांचे काय करावे हा प्रश्न पडत नाही, म्हणून हे काम उपयोगी पडते. पाण्याचा भरलेला पेला मात्र देऊ नये, तो सांडला की सगळेच बिनसते. पाचव्या रविवारी त्याने डबा ठेवून हात जोडले. त्यानंतर ही कृती दाराच्या दिशेने पुढे सरकवली: आधी आत्या बसल्यावर आईच्या मांडीवरून, मग दारात आईचा कुर्ता एका हाताने धरून. एक हात कुर्त्यात असल्यामुळे तो नमस्कार अर्धाच होता, आणि आत्याने तो पुरा मानून 'नमस्कार हं' असे हळू आवाजात उत्तर दिले. सुमारे अडीच महिन्यांनी तो दारात 'ये आत्या' म्हणाला.

पुढे हळदीकुंकवाला एकदम दहा-बारा बायका आल्या तेव्हा तो पुन्हा पडद्यामागे गेला. आई निराश झाली, पण यात शिकलेले पुसले गेले नव्हते. एका ओळखीच्या माणसासाठी जमलेली गोष्ट गर्दीत जमण्यासाठी पुन्हा काही पायऱ्या लागतात, एवढेच. पुढच्या रविवारी आत्यासाठी तो दारात आलाच.

5. पाहुणेच म्हणतात, 'काय रे, शिकवलं नाही का आईने?' त्यांना काय उत्तर द्यावे?

पाहुण्यांना उत्तर द्यावे, मुलाला नव्हे. 'त्याला जरा वेळ लागतो, थोड्या वेळाने येईल तो' असे एक वाक्य, सहज आवाजात, आणि लगेच दुसरा विषय. 'लाजाळूच आहे हो आमचा' असे म्हणू नये. मूल ते ऐकते, आणि चार वेळा ऐकल्यावर ती आपली ओळखच आहे असे धरून चालते.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी स्वतः ही चूक केली होती. गावाहून आलेल्या नातेवाइकांसमोर तिने हात जोडले नाहीत म्हणून मी तिला सर्वांदेखत रागावले. तिने नमस्कार केला, पण डोळ्यांत पाणी घेऊन, आणि पुढे कित्येक दिवस त्या नातेवाइकांचा विषय निघाला की ती गप्प होई. आलेल्या माणसाबद्दल तिच्या मनात मीच अढी निर्माण केली होती.

सासूसासरे किंवा वडीलधारे याच गोष्टीवरून दुखावतात असे असेल, तर पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलून ठेवावे. प्रश्न 3 मधला दारावरचा खेळ त्यांनीच मुलाबरोबर खेळावा अशी विनंती करावी. पुष्कळ आजीआजोबा तो अतिशय प्रेमाने खेळतात.

6. मुलगी पाहुण्यांना 'ये, बस' म्हणते. तिला 'या, बसा' कसे शिकवावे?

मुलगी उद्धटपणा करत नसते. घरात ती आईला 'तू', बहुधा आजीलाही 'तू' म्हणते, आणि तिला सर्वजण 'ये, बस, खा' असेच म्हणतात, त्यामुळे तिच्या कानावर पडलेली क्रियापदे तीच असतात. तिला 'मोठ्यांना अहोजाहो करावे' हा नियम सांगून उपयोग होत नाही, कारण तिची आई आणि मावशी मोठ्या असूनही तो त्यांना लागू नसतो.

नियमाऐवजी तयार वाक्ये द्यावीत, अख्खी, गाण्याच्या ओळीसारखी: 'या.' 'बसा.' 'पाणी घ्या.' 'आईला बोलावते.' 'पुन्हा या हं.' पाच वाक्ये पुरतात. तिने 'ये काका' म्हटलेच, तर चूक दाखवू नये; आपण तिच्यापाठोपाठ 'हो, या काका, बसा' असे म्हणावे. योग्य रूप तिच्या कानावर पडते आणि पाहुण्यांसमोर तिची मान खाली जात नाही.

नात्याचे नाव आधी ठरवून द्यावे. येणारा माणूस काका की आजोबा की दादा, हे दारात उभे राहून ठरवायला लागले तर मूल गोंधळते. फोटो असेल तर आदल्या दिवशी दाखवावा. घरकामाला येणाऱ्या मावशी, दूध घालणारे काका आणि इमारतीचे रखवालदार यांनाही तोच नमस्कार आणि तीच 'तुम्ही'ची रूपे असावीत. या बाबतीत मी कुठलीही सूट मानत नाही, कारण दिवाणखान्यात बसणाऱ्याला 'या' आणि भांडी घासणाऱ्या बाईंना 'ए' हे मूल आपल्या तोंडून फार लवकर उचलते.

7. वाकून नमस्कार कुणाला करायला सांगावा?

घरातले आणि नात्यातले वयाने वडील असलेले लोक, घरी आलेले गुरुजन, आणि सणासुदीला किंवा वाढदिवसाला ज्यांचा आशीर्वाद घ्यायचा ते, एवढे पुरे. प्रत्येक येणाऱ्याला वाकून नमस्कार करायला लावले की मुलाला ती कवायत वाटू लागते. पद्धत दाखवताना दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, गुडघे थोडे वाकवून, दोन्ही हातांनी पावलांना हलका स्पर्श करणे आणि मग क्षणभर थांबणे, असे दाखवावे. थांबायचे कशासाठी, तर आशीर्वाद ऐकण्यासाठी. 'मोठी हो', 'शहाणा हो', 'औक्षवंत हो' हे शब्द पूर्ण होण्याआधीच मूल पळाले, तर दोघांच्याही वाट्याचा आनंद हुकतो.

झोपलेल्या किंवा आडव्या पडलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत, ही रीत मुलाला सांगून ठेवावी. आजारी आजोबांना भेटायला गेल्यावर लागते. काही घरांत पाया पडण्याची रीत नाही, आणि काही मोठी माणसे स्वतःच 'पाया पडू नकोस' म्हणून मुलाला उचलून घेतात. तेथे हात जोडून नमस्कार पूर्ण होतो.

8. पाहुणे गालगुच्चा घेतात, पापी मागतात, मांडीवर बसवतात किंवा कविता म्हणायला लावतात. मुलाला नको असेल तर?

नको असेल तर नको. दखल घेणे हा शिष्टाचार आहे. अंगाला हात लावू देणे हा शिष्टाचार नाही. आपला नमस्कार या बाबतीत फार सोयीचा आहे, कारण तो हातभर अंतरावरून पूर्ण आदराने करता येतो.

मुलाला सांगावे: 'हात जोडायचे, पापी द्यायची की नाही ते तू ठरवायचंस.' पाहुणा आग्रह करू लागला की मुलाने लढायचे नाही, आपण मध्ये यायचे: 'आता नको म्हणतोय, तुम्हाला नमस्कार करेल हं तो.' हे वाक्य मुलासमोरच, हसतमुखाने, पण ठामपणे म्हणावे. कवितेच्या बाबतीतही हेच. ज्याला आवडते त्याने म्हणावी, पण कविता ही नमस्काराची पुढची पायरी नाही.

एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. एरवी सर्वांना नमस्कार करणारे मूल एकाच विशिष्ट माणसासमोर जात नसेल, त्याचे नाव काढताच आक्रसत असेल, तर तो हट्ट समजून नमस्काराची सक्ती करू नये. मुलाला एकांतात, शांतपणे, त्याच्या तोंडी उत्तर न घालता विचारावे, त्या माणसाबरोबर त्याला एकटे ठेवू नये, आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी अशा वेळी उपयोगी पडते.

9. 'सर्वांशी छान बोल' आणि 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' हे दोन्ही एकाच मुलाला कसे सांगायचे?

माणसांवर नव्हे, प्रसंगावर बोट ठेवावे. या वयाचे मूल ओळखीचे आणि अनोळखी यांत नीट भेद करू शकत नाही. दोनदा दिसलेला माणूस त्याच्या लेखी ओळखीचा असतो. म्हणून नियम असा: 'आई, बाबा किंवा आजी जवळ असताना नमस्कार. कुणी जवळ नसेल तर आधी मोठ्या माणसाला हाक.' बेल वाजली तरी मुलाने एकट्याने दार उघडायचे नाही, हेही त्यातच येते. पार्सल घेऊन आलेल्या दादांना 'नमस्कार दादा' म्हणणे चांगले, पण आईच्या शेजारी उभे राहून.

10. शाळेत पाहुणे आले की सगळी मुले उभी राहून एका सुरात 'नमस्ते बाई' म्हणतात. यातून मुले काही शिकतात का?

गटाने उभे राहण्यातून एक गोष्ट मिळते: लाजाळू मुलाला सर्वांच्या आवाजात आपला आवाज मिसळता येतो, आणि ती त्याची पहिली पायरी असू शकते. पण तो लांबवलेला सूर, 'न-म-स्ते-ए-ए', भिंतीला उद्देशून म्हटल्यासारखा होतो. केंद्रप्रमुख वर्गात आल्यावर ज्या चाळीस मुलांनी तो सूर लावला, त्यांतली किती जण मधल्या सुट्टीत त्याच केंद्रप्रमुखांना व्हरांड्यात एकटी भेटल्यावर नमस्कार करतात, हे एकदा पाहावे. फार थोडी करतात, कारण त्यांच्या लेखी नमस्काराची खूण बाईंचा इशारा ही आहे. प्रश्न 3 मध्ये घराबद्दल जे सांगितले, तेच येथे वर्गात घडते.

यावर दोन उपाय हाती आले आहेत. पहिला, सकाळी शिक्षिकेने वर्गाच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने नमस्कार करणे, शक्य तर मुलाच्या उंचीपर्यंत वाकून. तीस मुलांना मिळून दहा मिनिटांच्या आत होते, आणि प्रत्येक मुलाला रोज एकदा, एकट्याला उद्देशून नमस्कार मिळतो. दुसरा, पाहुण्यांच्या स्वागताचे काम आठवड्याला दोन मुलांकडे सोपवणे. पाहुणे दारात आले की त्या दोघांनी उठायचे, 'नमस्कार, या' म्हणायचे, खुर्ची दाखवायची, आणि बाकीच्यांनी आपले काम चालू ठेवायचे. मण्यांची माळ ओवणारे मूल उठले नाही तर ते असभ्य ठरत नाही. त्याच्या एकाग्रतेत खंड न पाडणे हाही पाहुण्याचा शिष्टाचार आहे, आणि शाळेने पाहुण्यांना तो आधी सांगून ठेवावा.

अंगणवाडीताई, मदतनीस, शिपाईमामा आणि रिक्षावाले काका हेही मुलाला रोज भेटतात, म्हणून सराव त्यांच्यापासूनच होतो.

11. घरी पोपटासारखा बोलतो, शाळेत नमस्कार तर दूरच, एक शब्दही बोलत नाही. काळजी करावी का?

शाळेच्या पहिल्या महिन्यात करू नये. घरची भाषा वेगळी असेल, म्हणजे घरी अहिराणी, कोकणी किंवा हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी, तर त्याहूनही अधिक वेळ द्यावा. पण तो काळ उलटल्यावरही मूल महिन्याहून अधिक काळ शाळेत अजिबात बोलत नसेल, आणि घरी मात्र मोकळेपणाने बोलत असेल, तर ती नुसती लाज नसावी. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो चिंतेचा एक प्रकार आहे, हट्ट नव्हे, आणि लवकर दाखवल्यास त्यावर चांगली मदत मिळते. बालमानसतज्ज्ञांना भेटावे. तोपर्यंत शिक्षकांनी 'बोल, मग बसायला देईन' असे काही करू नये. मान हलवणे किंवा हात जोडणे हे पूर्ण उत्तर धरावे.

स्वमग्नता असलेल्या मुलांच्या बाबतीत 'डोळ्यांत बघ' हा आग्रह सोडावा. त्यांनी पाहुण्याच्या दिशेने हात जोडले की नमस्कार झाला.

12. बाई बाजारात भेटल्या तर मुलगी ओळखच देत नाही. असे का?

तिच्या मनात बाई शाळेतल्या असतात, आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाई तिला वेगळ्याच वाटतात. आपण नमस्कार करावा, 'बाई भेटल्या बघ' म्हणावे आणि सोडून द्यावे. दुसऱ्या दिवशी वर्गात ती स्वतःच सांगते, 'तुम्ही काल मेथी घेत होता.'

13. नमस्कार केला की चॉकलेट देते, चालेल का?

चालू नये असे मला वाटते. चॉकलेट बंद झाले की नमस्कारही बंद होतो, आणि दरम्यान मुलाचे लक्ष पाहुण्याकडे न राहता आपल्या हाताकडे लागते. नमस्काराचे फळ पाहुण्याकडूनच मिळायला हवे: त्याने थांबून, बघून, उलट नमस्कार करणे. म्हणून पाहुण्यालाच हळूच सांगावे, 'त्याने हात जोडले की तुम्हीही जोडा हं.' मोठी माणसे मुलाच्या नमस्काराला उत्तर द्यायला फार वेळा विसरतात, आणि उत्तर न मिळालेला नमस्कार मूल दोन-चार वेळाच करते.

14. पाहुणे 'जय भीम', 'सलाम', 'राम कृष्ण हरी' म्हणतात. मुलाने काय म्हणावे?

जे आले ते परत द्यावे. 'जय भीम'ला 'जय भीम', 'जय जिनेंद्र'ला 'जय जिनेंद्र', 'राम राम'ला 'राम राम', 'अस्सलाम अलैकुम'ला 'वालेकुम सलाम'. वारकरी आजोबा 'माउली' म्हणून मुलाच्याच पायांना हात लावतात, तेव्हा मुले भांबावतात. त्यांनीही वाकून त्यांना नमस्कार करावा हे आधी सांगून ठेवावे. मुलांना हे नवे शब्द मोठे आवडतात. परदेशात राहणाऱ्या नातवंडांना व्हिडिओ कॉलवर सराव द्यायचा असेल, तर कॉलच्या सुरुवातीला आजीने आधी हात जोडावेत आणि थांबावे. 'म्हण ना नमस्कार' असे मागून कुणी बोलू नये.

15. निघताना काय शिकवावे? आणि दुःखाच्या घरी नेल्यावर?

आपण पाहुणे असू तर निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मुलगी असेल तर 'येते हं'. मुलांना हे कोडे वाटते आणि ती विचारतात, 'जातोय तर येतो का म्हणायचं?' पुन्हा येणार आहोत म्हणून, एवढे उत्तर त्यांना पटते. घरी आलेल्यांना दारापर्यंत पोहोचवायला मुलाला बरोबर घ्यावे, आणि लिफ्टचे दार बंद होईपर्यंत किंवा पाहुणे जिन्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत उभे राहावे.

मृत्यू झालेल्या घरी मात्र हे सारे बदलते. तेथे पुष्कळ ठिकाणी सुतकात नमस्कार करत नाहीत आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत. लहान मुलाला शक्यतो नेऊ नये असे पुष्कळांना वाटते, पण जवळच्या नात्यात न्यावे लागते. नेण्याआधी सांगावे: 'आज तिथे सगळ्यांना वाईट वाटतंय. आज नमस्कार करायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. माझ्याजवळ बसायचं, आणि निघताना काही न बोलता माझा हात धरून चालायचं.' एवढे सांगितलेले मूल बहुधा शांत बसते. त्याने सवयीने हात जोडलेच, तर तेथे त्याला टोकू नये. त्या घरातली माणसे ते समजून घेतात.